पडद्यावर 260, पण नाशिक गाठेल का? रेंजचा इशारा आणि कासवाचा दिवा

ठाण्यात नवी इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाचे पहिले दोन-तीन महिने मजेत जातात. घोडबंदर रोड ते ऑफिस, ऑफिस ते घर, रात्री पार्किंगमध्ये चार्जिंग. पडद्यावरचा रेंजचा आकडा खरा ठरतो, कधी कधी वाढूनही दाखवतो. मग डिसेंबर-जानेवारीत नाशिकला लग्न निघतं, गाडी पहिल्यांदाच समृद्धी महामार्गावर जाते आणि इगतपुरीच्या आसपास पडद्यावर पिवळा इशारा येतो: एवढ्या चार्जमध्ये पोहोचता येणार नाही. लोक गाडीला दोष देतात. बहुतेक वेळा गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. तो आकडा नेमका काय सांगतो, हे विक्रीच्या वेळी कुणी समजावलेलं नसतं, एवढंच.

हा लेख त्या एका प्रवासाबद्दल आहे: ठाणे ते नाशिक आणि थंडीतल्या सकाळी परत. पुण्याला, महाबळेश्वरला किंवा शिर्डीला जाणाऱ्यांनी आपले किलोमीटर घालून हेच गणित मांडावं.

आधी तो आकडा वाचायला शिका

पडद्यावर दोन आकडे असतात. एक टक्क्यांचा, दुसरा किलोमीटरचा. टक्के म्हणजे बॅटरीत किती वीज आहे त्याचा अंदाज, आणि तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो. किलोमीटर म्हणजे मात्र भागाकार असतो. उरलेली वीज भागिले तुम्ही अलीकडे ज्या दराने वीज खर्च केली तो दर. गाडी मागचं बघून पुढचं सांगते. तुम्ही आठवडाभर मानपाडा ते ठाणे स्टेशन असे रांगत फिरला असाल, तर पुढचा रस्ताही तसाच असेल असं ती धरून चालते. पुढे घाट आहे की मोकळा महामार्ग, हे बऱ्याच गाड्यांना ठाऊक नसतं. ज्या गाड्यांत नकाशा आणि बॅटरी एकमेकांशी जोडलेले आहेत त्या थोडं बरं सांगतात, पण त्यासाठी मुक्काम गाडीच्याच नकाशात टाकावा लागतो. फोनवरचा नकाशा पडद्यावर आणला, तर बऱ्याच गाड्यांना काही कळत नाही.

म्हणून लांबच्या प्रवासात किलोमीटरचा आकडा मनातून काढून टाका आणि टक्के बघा. त्याबरोबर आणखी एक आकडा लागतो, तो म्हणजे तुमचा स्वतःचा खर्चाचा दर. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे बॅटरीतलंही एक युनिट, त्यामुळे हिशेब युनिटमध्येच करू. पडद्यावर हा दर कुठे `Wh/km` असा दिसतो, कुठे `km/kWh` असा. 140 `Wh/km` म्हणजे 100 किलोमीटरला 14 युनिट. 7 `km/kWh` म्हणजे एका युनिटला 7 किलोमीटर, म्हणजे साधारण तेवढंच.

हा दर आपल्या गाडीसाठी एकदा मोजून ठेवावा. मोजायला लांब, सपाट आणि सिग्नल नसलेला रस्ता हवा. नवी मुंबईकरांसाठी अटल सेतू उत्तम आहे. लांबी 21.8 किलोमीटर, वेगमर्यादा 100, आणि ऑगस्ट 2025 पासून तिथे इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ असल्यामुळे प्रयोग फुकटात होतो. ट्रिप मीटर शून्य करा, 80 च्या वेगाने जा आणि त्याच वेगाने परत या. दोन्ही दिशांचा सरासरी आकडा धरा, कारण खाडीवरचा वारा एका बाजूने मदत करतो आणि दुसऱ्या बाजूने वसूल करतो. मग हेच 100 च्या वेगाने करा. दोन आकडे हातात आले की निम्मं काम झालं.

वेग: 120 ला नेमकं काय होतं

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट केला की अडथळा सव्वादोनपट. पेट्रोल गाडीत हे एवढं जाणवत नाही, कारण तिचं इंजिन इंधनातली बरीचशी ऊर्जा तशीही उष्णतेत घालवत असतं. इलेक्ट्रिक मोटर फारच कमी वाया घालवते, म्हणून हवेने घेतलेला प्रत्येक घास हिशेबात उघड दिसतो.

उदाहरणासाठी एक मध्यम आकाराची गाडी घेऊ. बॅटरीत वापरता येण्याजोगी वीज 30 युनिट, आत चार माणसं आणि सामान, एसी चालू. अशा गाडीचा खर्च 100 किलोमीटरला साधारण असा पडतो: शहरात साडेअकरा युनिट, एकसारख्या 80 वर 14, 100 वर 18, आणि 120 वर साडेबावीस. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडे-तिकडे असतील, पण चढत जाण्याची रीत हीच. इको मोड लावल्याने हे बदलत नाही. तो मोड पायाखालचा जोर मऊ करतो, समोरची हवा पातळ करत नाही. टपावर सामानाचा कॅरिअर असेल, तर मात्र तो घरी काढून ठेवल्याचा फायदा नक्की होतो.

दुसरा खर्च चढणीचा. भरलेल्या गाडीला दर 100 मीटर उंचीला अर्धा युनिट लागतो. ठाणे जवळपास समुद्रसपाटीला आणि इगतपुरी सुमारे 600 मीटरवर, म्हणजे तीन युनिट फक्त वर चढण्याचे. समृद्धीवर बोगदे आणि पूल असल्याने कसाऱ्याच्या जुन्या घाटासारखा चढ अंगावर येत नाही. पण उंची तीच राहते, त्यामुळे खर्चही तोच.

नाशिकचं गणित, पायरीपायरीने

कागदावर रस्त्याचे तीन तुकडे करा. माजिवड्याहून आमणेपर्यंत साधारण 30 किलोमीटर, भिवंडी बायपासची रहदारी धरून. आमणे ते इगतपुरी समृद्धीचा 76 किलोमीटरचा टप्पा, जो जून 2025 मध्ये खुला झाला. आणि इगतपुरी ते नाशिक 45 किलोमीटर. एकूण 151.

गाडी 100 टक्के भरून निघाली. शहरातल्या सवयीमुळे पडद्यावर 260 किलोमीटर दिसताहेत. मनात येतं, जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत येऊ.

पहिल्या तुकड्यात 100 किलोमीटरला 12 च्या दराने 3.6 युनिट गेले. शेवटच्या तुकड्यात 80 च्या वेगाने 6.3 जातील. चढणीचे 3. हे तिन्ही आकडे जवळपास ठरलेले आहेत. आता मधला तुकडा बघा. तो 80 ने काढला तर 10.6 युनिट, 100 ने काढला तर 13.7, आणि मर्यादा जिथे जिथे मुभा देते तिथे 120 धरून सगळा टप्पा त्याच वेगाने काढला असं समजलं, तर 17.1.

बेरीज केली की 80 ला एकूण साडेतेवीस युनिट होतात, म्हणजे नाशिकला 22 टक्के उरतात. 100 ला 26.6 होतात आणि 11 टक्के उरतात. 120 ला बरोबर 30 होतात, म्हणजे काहीच उरत नाही. रस्ता तोच, गाडी तीच, माणसंही तीच.

वेळ किती वाचला तेही बघू. 76 किलोमीटरला 100 ने 46 मिनिटं लागतात, 120 ने 38. आठ मिनिटांसाठी साडेतीन युनिट जास्त गेले. तेवढी वीज 30 किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर परत भरायलाच सात मिनिटं लागतात. शिवाय चार्जर शोधणं, अॅप उघडणं आणि आधीच्या माणसाचं संपण्याची वाट बघणं वेगळंच. माझं मत विचाराल तर 30-35 युनिटच्या गाडीने या रस्त्यावर 90 ते 95 धरावं आणि डावीकडच्या रांगेतून निवांत जावं.

इशारा आला, आता काय

समजा तुम्ही 120 ने गेलात. इगतपुरीला पोहोचताना 23.7 युनिट संपले, 6.3 उरले, म्हणजे 21 टक्के. गाडी मागच्या 76 किलोमीटरचा दर बघते. चढण धरून तो 26 च्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे पडद्यावर उरतात फक्त 24 किलोमीटर, आणि नाशिक 45 वर. पिवळा इशारा इथे येतो.

या क्षणी दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो 24 चा आकडा खोटा नाही, पण पुढच्या रस्त्याचाही नाही. चढण संपलेली आहे, इगतपुरीहून नाशिक जवळपास त्याच उंचीवर आहे. दुसरं, वेग कमी केल्याचं फळ लगेच मिळतं. 80 ने गेलात तर उरलेले 6.3 युनिट जेमतेम 45 किलोमीटर पुरतील, जे कुणीही करू नये. 60 ने, एसी बंद करून, 100 किलोमीटरला साडेदहा युनिट लागतील. म्हणजे पावणेपाच युनिटमध्ये पोहोचाल आणि पाच टक्के उरतील. काही गाड्यांचा नकाशा तर स्वतःच सांगतो की अमुक वेगाच्या खाली राहा, तर पोहोचाल. त्याचं ऐकावं.

पण जमतंय म्हणून तसं करायचं, असं नाही. रात्रीच्या वेळी अवजड वाहनांच्या रांगेत 60 ने पाच टक्क्यांवर जाणं हा शेवटचा उपाय. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात थांबून चार्ज करणं हा पहिला. 21 वरून 50 टक्क्यांवर जायला नऊ-एक युनिट लागतात, म्हणजे वीसेक मिनिटं. चहा होतो. चार्जरची जागा मात्र निघण्यापूर्वी घरीच बघून ठेवा. एक नाही, दोन, आणि अॅपमध्ये शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं तेही बघा. चार्जर हिरवा दिसणं आणि तो चालू असणं यांत फरक असतो.

वाहतूक कोंडीची भीती मात्र बाळगू नका. नवीन लोक महामार्गापेक्षा खारेगावच्या कोंडीला जास्त घाबरतात. उभ्या गाडीत एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. तासभर अडकलात तरी तीन टक्के. समृद्धीवरची 120 ची पंधरा मिनिटं याच्या कितीतरी पट खातात.

थंडी: ठाण्यात नाही, नाशिकमध्ये

ठाण्यात आणि नवी मुंबईत हिवाळ्यातही पारा बहुधा पंधराच्या खाली जात नाही, आणि तेवढ्याने बॅटरीला फारसं काही होत नाही. नाशिकला मात्र जानेवारीत पहाटे 8-9 अंश असणं नेहमीचं, निफाडकडे त्याहून खाली. रात्रभर अंगणात उभी राहिलेली गाडी सकाळी आतून-बाहेरून गारठलेली असते.

तेव्हा चार गोष्टी एकदम होतात. हीटर सुरू केला की पहिली दहा मिनिटं तो अडीच-तीन किलोवॅट घेतो, नंतर एक-दीडवर स्थिरावतो. पेट्रोल गाडीत इंजिनाची फुकटची उष्णता असते, इथे प्रत्येक ऊब बॅटरीतून येते. बॅटरीतल्या रसायनांची हालचाल मंदावते, त्यामुळे तिचा आतला विरोध वाढतो आणि थोडी वीज आतच उष्णतेत जाते. टायरमधली हवा आकसते: दर पाच-साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय. ठाण्यात दुपारी 30 अंशांना 33 भरली असेल, तर नाशिकला सकाळी 29-30 सापडते. आणि चौथी गोष्ट सुरक्षेची आहे. गार बॅटरी वीज पटकन परत घेत नाही, म्हणून पाय काढल्यावर मोटरने गाडी आवळण्याचा जो सराव झालेला असतो, तो सकाळी कमी पडतो. काही गाड्या पडद्यावर तसं दाखवतात, काही दाखवत नाहीत. गल्लीतून बाहेर पडतानाच एकदा पाय काढून बघा गाडी किती मंदावते, आणि ब्रेकवर पाय तयार ठेवा. बॅटरी 100 टक्के भरलेली असतानाही असंच होतं, थंडी नसली तरी.

वेग आणि थंडी यांच्यातला एक फरक नवख्यांनी जरूर समजून घ्यावा. वेगाचा खर्च किलोमीटरवर पडतो, हीटरचा खर्च तासावर. म्हणून थंडीत गावातल्या गावात हळूहळू फिरताना दर भयंकर दिसतो. 3 किलोवॅटचा हीटर आणि 50 चा वेग म्हणजे 100 किलोमीटरला 6 युनिट फक्त उबेचे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत रेंज भराभर घसरते आणि इशाराही येऊ शकतो. त्या पंधरा मिनिटांत घाबरून निर्णय घेऊ नका. महामार्गाला लागून, गाडी आतून ऊबदार झाल्यावर आकडा जिथे स्थिर होतो तो खरा.

आता परतीचं गणित. जाताना 100 ने गेलो, 11 टक्क्यांवर पोहोचलो असं धरू. मामांकडे 15 अँपिअरच्या सॉकेटवर रात्री नऊ तास लावली. अडीच किलोवॅटने वीसेक युनिट बॅटरीत गेले आणि सकाळी 76 टक्के झाले, म्हणजे 22.8 युनिट. जाताना एवढे लागले होते त्यापेक्षा कमी आहेत, पण येताना उतार आहे, तेव्हा पुरेल असं वाटतं.

इगतपुरीपर्यंत नेहमी 6.3 लागतात. हीटरचा एक युनिट आणि गार बॅटरी, नरम टायर यांचे चार दशांश मिळून 7.7 झाले. उरले 15.1. समृद्धीवरून उतरताना उंचीचे तीन युनिट पूर्ण परत मिळत नाहीत, दोन धरा. 100 ने आलात तर 13.7 वजा 2, अधिक हीटरचे 0.7, म्हणजे 12.4. आमण्याला 2.7 उरतात आणि माजिवड्याला 3.6 लागतात. पोहोचत नाही. 80 ने आलात तर 9.3 लागतात, आमण्याला 5.8 उरतात आणि घरी साधारण सात टक्क्यांवर याल. थंडीने या सगळ्यात दोनच युनिट घेतले, पण नेमके तेच शेवटचे सात टक्के होते.

उपाय अवघड नाहीत. एक, सॉकेटला गाडी लावलेली असतानाच अॅपमधून किंवा आत बसून हीटर सुरू करा. पहिल्या दहा मिनिटांची वीज घराच्या मीटरमधून जाईल. दोन, चार्जिंगची वेळ लावता येत असेल तर ते निघण्याच्या सुमारास संपेल अशी लावा. बॅटरी त्यातल्या त्यात कोमट मिळते, जरी हळू चार्जिंगने फार तापत नसली तरी. तीन, टायरची हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी भरा आणि ठाण्यात आल्यावर पुन्हा तपासा. चार, हीटर 21-22 वर ठेवा आणि स्वेटर अंगावरच असू द्या. काचेवर वाफ धरली तर मात्र काटकसर करू नका, काच स्वच्छ करा. आणि एवढं करूनही हिशेब दहा टक्क्यांच्या खाली येत असेल, तर निघतानाच नाशिकमध्ये किंवा घोटीला पंधरा मिनिटं फास्ट चार्जरवर घाला. गार बॅटरीवर तो सुरुवातीला हळू चालतो, त्यामुळे नाशिकपेक्षा घोटी बरी. चाळीस मिनिटं चालून बॅटरी तोवर ताळ्यावर आलेली असते.

कासवाचा दिवा

चार्ज खूप खाली गेला की पडद्यावर कासवाचं चित्र किंवा पॉवर कमी केल्याचा संदेश येतो. नेमका किती टक्क्यांवर, हे गाडीगणिक वेगळं आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ते पान आजच शोधून फोनमध्ये फोटो काढून ठेवा. काही गाड्या दोन टप्प्यांत जातात: आधी एसी आणि जोर कमी, मग वेगाला कुलूप.

कारण समजून घेतलं तर त्या दिव्याचा राग येत नाही. सोसायटीची टाकी तळाला आली की नळ पूर्ण उघडूनही धार बारीकच येते, तसं काहीसं आहे. बॅटरीत शंभरच्या आसपास सेल एकामागोमाग जोडलेले असतात. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबला की प्रत्येक सेलचा व्होल्टेज क्षणभर खाली जातो. चार्ज भरपूर असताना त्याने काही बिघडत नाही. तळाशी मात्र तो ठरलेल्या किमान पातळीच्या खाली गेला, तर सेलला कायमची इजा होते. सगळे सेल सारखे नसतात, आणि सगळ्यांत अशक्त सेल आधी तिथे पोहोचतो. म्हणून बॅटरीचं नियंत्रण आधीच हात आवरतं. गार बॅटरीत व्होल्टेज आणखी खाली जातो, त्यामुळे पुण्याला मे महिन्यात सहा टक्क्यांवर येणारा कासव नाशिकच्या थंडीत दहावरही येऊ शकतो.

दिवा लागल्यावर असं करा.

पाय जोरात दाबू नका. दाबून जोर वाढत नाही, उलट व्होल्टेज आणखी पडतो आणि मर्यादा अजून घट्ट होते. मागचे लोक गोंधळू नयेत म्हणून डावीकडे या. वेग फारच कमी झाला असेल तर चारही इंडिकेटर लावा. हीटर किंवा एसी बंद, काचा थोड्या खाली. हेडलाइट बंद करू नका, त्याने काही वाचत नाही.

मग अंतर मोजा. पाच टक्के म्हणजे दीड युनिट. सपाटीवर 40 च्या वेगाने कागदावर 14-15 किलोमीटर होतात, पण तळाचे टक्के सर्वांत कमी भरवशाचे असतात, म्हणून मी निम्मेच धरायला सांगतो. माजिवड्याला पाच टक्के असतील, तर कासारवडवली गाठू शकाल, पण हिरानंदानीच्या आसपास चार्जर दिसला तर तिथेच वळा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळच्या पुलांवर चढण्याऐवजी खालचा रस्ता घ्या. उंची फार नाही, पण मर्यादित जोरात पूल चढताना वेग पडतो आणि मागच्या बसला कारण कळत नाही. गायमुखचा घाट या अवस्थेत चढू नका.

घाटात कासव लागणं ही सर्वांत वाईट गोष्ट. भरलेल्या गाडीला सहा-सात टक्क्यांच्या चढावर 60 ने जायला वीस किलोवॅटच्या वर जोर लागतो. तो मिळाला नाही तर गाडी रांगते, आणि मागे कंटेनर असतो. त्यामुळे माझा एक हट्टाचा नियम आहे: कसारा असो, खंडाळा असो, पायथ्याला 20 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वर जायचं नाही, आधी भरायचं.

थांबून दहा मिनिटांनी टक्का एक-दोनने वर आलेला दिसतो. व्होल्टेज सावरतो म्हणून तसं दिसतं, वीज वाढलेली नसते. त्या भरवशावर पुन्हा निघू नका.

गाडी थांबलीच, तर राष्ट्रीय महामार्गावर 1033 वर फोन करा आणि कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीला कळवा. दोर बांधून ओढू देऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होऊ लागते, त्यातून नुकसान होऊ शकतं. चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रक मागा आणि हे फोनवरच स्पष्ट सांगा, नाहीतर हूकवाली क्रेन येते. घरी आल्यावर दोन-तीन टक्क्यांवर गाडी तशीच सोडून झोपू नका, साध्या सॉकेटला तरी लावा.

कासव चुकीच्या वेळी आला तर

चाळीस टक्के चार्ज असताना तोच दिवा लागला, तर चार्जशी त्याचा संबंध नाही. उन्हाळ्यात लागोपाठ दोनदा फास्ट चार्ज करून भरधाव गेल्यावर बॅटरी किंवा मोटर तापते, तेव्हा गाडी जोर कमी करते. सावलीत वीस मिनिटं थांबून दिवा गेला, तर कारण बहुधा तेच. सोबत लाल दिवा किंवा बॅटरीच्या बिघाडाचा संदेश असेल, तर थांबा, उतरा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा.

तिसरी शक्यता फसवी आहे. पुस्तिकेत सांगितलेल्या टक्क्यापेक्षा बरंच आधी, म्हणजे पंधरा-अठरावरच कासव येतो, किंवा बारावरून टक्का एकदम पाचवर उडी मारतो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत हे जास्त दिसतं. तिचा व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतो, त्यामुळे मधल्या टप्प्यात नेमके किती टक्के उरलेत हे गाडीला नीट कळत नाही, आणि सतत 30 ते 80 मध्येच वापरली तर चूक साठत जाते. उपाय घरीच आहे. साध्या चार्जरवर 100 टक्के भरा आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत लावून ठेवा. शेवटच्या टक्क्याला तास लागला तरी काढू नका, कारण त्या वेळातच सेल एकसारखे होतात. पुस्तिकेत हे किती दिवसांनी करायचं ते दिलेलं असतं. दोनदा केल्यावरही उडी तशीच राहिली, तर सर्व्हिस सेंटरला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक मोजून मागा, तोही चार्ज कमी असताना. भरलेल्या बॅटरीत अशक्त सेल लपतो. गाडी वीस टक्क्यांच्या खाली असतानाच घेऊन जा, आणि तपासणीचा कागद मागून घ्या. वॉरंटीचा अर्ज करायची वेळ आली, तर तोच लागतो.